‘भाड्याचा’ हा एक शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, अवतरणचिन्ह रेडिओवर ऐकू येत नाही. कागदावर ते दिसतं, म्हणून वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे शब्द लिहिणाऱ्याचे नसून बोलणाऱ्याचे आहेत. इथं माइकसमोर बसल्यावर मला ते दरवेळी तोंडानं सांगावं लागेल, की हे वाक्य त्यांचं आणि हे माझं. थोडं कंटाळवाणं होईल, पण आजचा विषयच असा आहे, की ही हद्द पुसून चालणार नाही.

सोलापुरातल्या आमच्या भागातल्या एका ग्रंथालयाची स्मरणिका निघायची होती. पेठेतल्या जुन्या दुकानदारांची छोटी शब्दचित्रं त्यात हवी होती, प्रत्येकी तीनशे शब्दांची. माझ्या वाट्याला एक सायकल दुरुस्तीचं दुकान आलं. दुकानदार सत्तरीला टेकलेले. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं नाव इथं सांगत नाही, कारण त्यांची संमती स्मरणिकेपुरती होती आणि आकाशवाणी त्यात येत नाही.

मी गेलो तेव्हा चाचांनी आधी गल्ल्याखालून एक वही काढली. वहीत वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. काही वर्षांपूर्वी कुणी बातमीदार येऊन दहा मिनिटं बोलून गेला होता. त्यानं टिपणं उभ्याउभ्या घेतली होती आणि चाचांच्या तोंडी, अवतरणचिन्हांत, एक वाक्य छापलं होतं : “धंदा संपला.” चाचांचं म्हणणं असं, की आपण म्हणालो होतो, भाड्याचा धंदा संपला. तासावर सायकली भाड्यानं द्यायचा जो धंदा होता, तो. दुरुस्तीचं दुकान तर चालूच होतं. एक शब्द गळला आणि काय झालं पाहा. टायर-ट्यूब उधारीवर देणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस तिसऱ्या दिवशी बाकी मागायला आला. ओव्हरऑइलिंगला टाकलेल्या दोन सायकली गिऱ्हाइकांनी तशाच परत नेल्या. दुकान बंद होणार, असं पेठेत झालं. बातमीदारानं खोटं काही लिहिलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण अवतरणचिन्हांत त्यानं जे दिलं, ते चाचांचं वाक्य नव्हतं.

तेव्हा मी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि पहिल्याच मिनिटाला चाचांनी अट घातली. ती मुद्रणात आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगतो : “जित्ता बोल्या उत्ता लिखो. कमी नक्को, ज्यादा नक्को.” म्हणजे जितकं बोललो तितकंच लिहा, कमी नको आणि जास्तही नको.

ऐकायला सोपी अट. पण बावन्न मिनिटांचं बोलणं तीनशे शब्दांत बसवायचं म्हटल्यावर ‘कमी नको’ हे कसं पाळायचं? त्याचीच गोष्ट सांगतो.

पहिलं काम दुकानात. सायकलच्या दुकानात शांतता नसते. हातोडी असते, रस्त्यावरचे हॉर्न असतात आणि हवेचा कॉम्प्रेसर असतो, जो मनाला येईल तेव्हा सुरू होतो. म्हणून मी दुपारी अडीचची वेळ धरली, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हाची. फोन खिशात ठेवला नाही. खिशात ठेवला की कापडाचा घासल्याचा आवाज बोलण्यावर चढतो. तो टेबलावर नुसता ठेवला, तर पाना आपटल्याचा दणका त्यात शिरतो. चाचांकडूनच पुसायचं फडकं घेतलं, घडी केली, त्यावर फोन ठेवला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मध्येच कुणाचा फोन येऊन मुद्रण तुटू नये म्हणून फोनचं नेटवर्क बंद केलं. एक मिनिट बोलून, ऐकून पाहिलं आणि मग सुरुवात केली.

यंत्र चालू असलं तरी वही हातात हवीच, कारण यंत्राला डोळे नसतात. तेविसाव्या मिनिटाला चाचा चाकाचा आऊट काढत होते. आऊट काढणं म्हणजे वाकडं फिरणारं चाक, तारा कमी-जास्त ताणून सरळ करणं. ते म्हणाले, “एवढंच फिरवायचं. जास्त नाय.” आता हे ‘एवढंच’ म्हणजे किती? मुद्रणात फक्त शब्द आहे. माझ्या वहीत लिहिलेलं आहे : २३ मिनिटं, चावी पाव फेरी. ही नोंद नसती, तर ते वाक्य कितीही खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यातून काही कळलं नसतं.

दुसरं काम घरी. कानात यंत्र लावून सगळं बोलणं कागदावर उतरवणं. याला फार वेळ लागतो, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात. बावन्न मिनिटं उतरवायला मला दोन संध्याकाळी मिळून पाच तास लागले आणि सोळा पानं झाली. ‘महत्त्वाचं तेवढंच उतरवू’ हा विचार मोठा फसवा आहे. महत्त्वाचं काय ते सगळं उतरवल्याशिवाय कळत नाही. समासात दर मिनिटाला आकडा टाकत गेलो, म्हणजे पुढं कोणतंही वाक्य पुन्हा ऐकायचं तर शोधाशोध नको.

जिथं ऐकू आलं नाही, तिथं जागा रिकामी सोडली. एकोणिसाव्या मिनिटाला चाचा जुन्या काळ्या सायकलींच्या चाकांविषयी सांगत होते आणि नेमका कॉम्प्रेसर सुरू झाला. “पुढच्या चाकाला …तीस तारा, मागच्याला चाळीस.” चाळीस स्पष्ट होतं. पुढचा आकडा बत्तीस की छत्तीस? दोन्ही शब्दांची शेपटी सारखीच. तीनदा ऐकलं, काही उमगेना. अशा वेळी आपण मनातल्या मनात जो आकडा धरलेला असतो, तोच कानाला ऐकू यायला लागतो. बरं, छत्तीस तारांची चाकंही असतातच, म्हणजे तर्कानं काही सुटण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. भिंतीला एक जुनी चोवीस नंबरी काळी सायकल टांगलेली आहे, तिच्या पुढच्या चाकाच्या तारा बोट लावून मोजल्या. बत्तीस. मग चाचांनाही विचारलं. ते म्हणाले, बत्तीसच, वजन मागं बसतं म्हणून मागं जास्त. पण हे ‘वजन मागं बसतं’ मुद्रणात नव्हतं, म्हणून ते मी अवतरणात न घालता माझ्या वाक्यात घेतलं.

आता सोळा पानं समोर आहेत. यातून अवतरणात काय घ्यायचं? माझा हिशेब साधा आहे. साल, किंमत, संख्या हे कुणीही सांगू शकतं, ते मी माझ्या शब्दांत लिहितो. जे फक्त हाच माणूस, याच तऱ्हेनं म्हणेल, ते त्याच्या शब्दांत. ‘माझ्या वडिलांनी १९६५ साली दुकान सुरू केले’ हे अवतरणात घालून काय मिळतं? उलट चाचा असं बोललेच नव्हते. ते म्हणाले होते, “पासष्ट साली वडलांनी हे टाकलं.” तीनशे शब्दांत चार-पाचच अवतरणं मावतात. त्याहून जास्त झाली की शब्दचित्र राहत नाही, नुसती कात्रणांची माळ होते.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अर्थातच धंद्याचं. मुद्रणात ते असं आहे, जसंच्या तसं सांगतो : “मग ते भाड्याचा, ते काय, भाड्याचा धंदा संपला की ओ. ए, पंप तिकडं ठेव. ते संपलं. दुरुस्ती चालू हाय. दुरुस्ती कशी संपंल? लोखंड हाय, झिजणारच.” आणि छापलं ते असं : “भाड्याचा धंदा संपला की ओ… दुरुस्ती चालू हाय. दुरुस्ती कशी संपंल? लोखंड हाय, झिजणारच.” सुरुवातीचं अडखळणं काढलं. अडखळत तर आपण सगळेच बोलतो, पण छापल्यावर ते एकट्या बोलणाऱ्याचं व्यंग वाटतं. पोराला पंप ठेवायला सांगितलं ते आणि पुन्हा आलेलं ‘ते संपलं’ काढलं, तिथं तीन टिंबं दिली. एकही शब्द घातला नाही, एकही बदलला नाही, क्रम हलवला नाही. ‘हाय’चं ‘आहे’ केलं नाही. आणि ‘भाड्याचा’ हा शब्द जागेवर आहे का, ते दोनदा पाहिलं.

जोडकामाचा मोह मात्र मोठा असतो. नवव्या मिनिटाला चाचा म्हणाले, “वडील गेले तवा मी आठवीत होतो.” चव्वेचाळिसाव्या मिनिटाला, वेगळ्याच ओघात, “शाळा सुटली, त्याचं काय नाय ओ. आपल्याला आवड बी नव्हती.” ही दोन वाक्यं एका अवतरणात शेजारी ठेवली, की ‘वडील गेले, शाळा सुटली’ अशी डोळ्यांत पाणी आणणारी ओळ तयार होते. शब्द सगळे त्यांचेच, पण त्यातलं कारण त्यांचं नाही. सोळा पानांत पुढं दिलेलं आहे, की वडिलांनंतर काकांनी दुकान सांभाळलं, चाचा वर्षभर शाळेत जात राहिले, नापास झाले आणि मग दुकानात बसले. म्हणून माझा नियम असा, की वेगवेगळ्या मिनिटांची वाक्यं एका अवतरणात बसवायची नाहीत. दोन्ही हवीच असतील तर अवतरण मोडायचं, मध्ये आपलं वाक्य घालायचं आणि दुसरं वेगळं सुरू करायचं.

आपल्या प्रश्नातले शब्दही उत्तरात ढकलू नयेत. मी विचारलं होतं, भाड्याच्या सायकली विकल्या तेव्हा वाईट वाटलं का? ते म्हणाले, “वाटलं की. पण जागा मोकळी झाली.” आता ‘मला वाईट वाटलं’ हे वाक्य चाचांच्या नावावर घालणं बरोबर नाही. ‘वाईट’ हा शब्द माझा होता. प्रश्नासकट दिलं की प्रश्नच मिटतो.

इथं मराठीची एक गंमत सांगायला हवी. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आडवळणानं सांगताना ‘मी’चा ‘तो’ होतो. मराठीत तसं होईलच असं नाही. ‘चाचा म्हणाले, की मी उधार देत नाही’ हे वाक्य आपल्याकडं सरळ चालतं आणि चिन्हं नसली तरी वाचणारा ते चाचांचेच शब्द समजतो. म्हणजे मराठीत सारांश आणि उद्धरण यांच्यामधली भिंत जात्याच पातळ आहे. म्हणून सारांश द्यायचा असेल तेव्हा मी तो तिसऱ्या पुरुषात देतो : ते उधार देत नाहीत. ‘मी’ आला की अवतरणचिन्ह आलंच पाहिजे.

तसाच आपला ‘म्हणे’. एक मुलगा भाड्यानं नेलेली सायकल घेऊन पसार झाला, त्याची गोष्ट चाचांनी सांगितली. “पुण्याला नेली म्हणे, तिथं विकली म्हणे.” शब्दमर्यादा गाठताना सगळ्यात आधी असले छोटे शब्द उडतात. पण हे दोन ‘म्हणे’ उडवले, की ऐकीव गोष्टीचा आरोप होतो, आणि तो मुलगा आज पेठेतच राहणारा, नातवंडांचा धनी आहे. मी ती गोष्टच घेतली नाही. घेतली असती, तर दोन्ही ‘म्हणे’ ठेवून घेतली असती.

आता भाषेविषयी. चाचांच्या घरी आणि माझ्याही घरी दखनी बोलतात. आम्ही दोघं भेटलो की दखनीतच बोलतो. पण त्या दिवशी अट सांगून झाल्यावर चाचा म्हणाले, “मराठीत छापणार ना? मग मराठीतच बोलतो.” आणि बोलले, सोलापुरी मराठीत, कानडीचा हेल घेऊन. बावन्न मिनिटांत दोनदाच दखनीवर आले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मराठी नाटकांत आणि सदरांत मुसलमान दुकानदार आला, की तो ‘हमको मालूम हाय’ अशा कुठंच न बोलल्या जाणाऱ्या भाषेत बोलायला लागतो. ते अवतरण नव्हे, ते सोंग. माणूस मराठीत बोलला असेल तर त्याचं मराठी छापावं, दखनीत बोलला असेल तर त्याची दखनी छापावी आणि अर्थ चिन्हांच्या बाहेर द्यावा. भाषांतर करून चिन्हांत घालायचंच असेल, तर भाषांतर आहे असं एकदा स्पष्ट लिहावं. पण प्रत्येक उच्चाराची नक्कलही करू नये. ‘हाय’, ‘तवा’, ‘की ओ’ ठेवले. श्वास घेताना, तंबाखू सारताना शब्द कसे वाकले, ते लिहीत बसलो असतो, तर वाचणारा चाचांना हसला असता.

आणि एक धोका माझ्या स्वतःच्या जातीचा. जात म्हणजे कवींची जात. चोविसाव्या मिनिटाला चाचांनी नखानं चाकाच्या तारा एकामागून एक छेडल्या आणि म्हणाले, “ताणलेली तार वाजते ओ, ढिली वाजत नाय. कानाला कळतंय.” कवीच्या हाती असं वाक्य सापडलं, की त्याचे हात शिवशिवतात. ‘ढिली तार बोलत नाही’ असं केलं की ओळ झाली. पण तार वाजते, हे चाचांचं ज्ञान आहे. ताण कमी असलेली तार खरंच बद्द आवाज देते आणि कारागीर तेवढ्यावरून ती ओळखतो. तार बोलते, ही माझी उपमा झाली असती आणि त्यांच्या नावावर खपली असती. शिवाय ‘कानाला कळतंय’ हे शेवटचे दोन शब्द कवितेसाठी जड होतात म्हणून गेले असते, आणि खरी कारागिरी तर त्यातच आहे.

बोलणाऱ्यानं म्हटलं ते जसंच्या तसं दिलं, म्हणजे ते खरं झालं असंही नाही. भाड्याच्या सायकली कधी बंद केल्या? सहाव्या मिनिटाला चाचा म्हणतात, भूकंपाच्या पुढच्या वर्षी. एकेचाळिसाव्या मिनिटाला म्हणतात, मोबाइल आला तवा. आमच्या भागात नुसतं भूकंप म्हटलं की किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३चा. म्हणजे पुढचं वर्ष १९९४. मोबाइल त्याच्या बऱ्याच नंतरचा. दोन्ही शब्दशः खरी अवतरणं आणि दोन्ही एकमेकांशी न जुळणारी. आपल्याला सोयीचं एक उचलायचं आणि दुसरं विसरायचं, हा एक मार्ग झाला. मी फोन करून विचारलं. उत्तर सोपं निघालं. मोठ्या सायकली १९९४ साली विकल्या, लहान मुलांच्या चार सायकली मात्र पुढं कित्येक वर्षं भाड्यानं जात होत्या. दोन धंदे होते, दोन शेवट होते.

भाड्याचा दरही असाच. चाचा म्हणाले, “चार आणे तासाला.” काळ १९७५च्या आसपासचा. आणे तर १९५७ साली नवे पैसे आले तेव्हाच हिशेबातून गेले होते, पण बोलण्यात पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत. २०११च्या ३० जूनपासून पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. तेव्हा तरुण वाचणाऱ्यासाठी चिन्हांच्या बाहेर ‘म्हणजे पंचवीस पैसे’ असं लिहिलं. आत हात लावला नाही.

छापायला देण्याआधी मी अवतरणं चाचांना वाचून दाखवली. पूर्ण लेख नाही. लेख कसा असावा हे माझं काम, शब्द आणि आकडे बरोबर आहेत का हे त्यांचं. सदतिसाव्या मिनिटाला भावाच्या वाटणीविषयी ते काही बोलून गेले होते. ते नको म्हणाले. मी काढलं. मंत्र्यानं बोलून मागं घेतलं असतं तर काढलं नसतं, पण चाचा पेठेतले साधे दुकानदार आहेत आणि त्या भावाशी त्यांना रोज सलाम-दुआ ठेवायची आहे. मग म्हणाले, शेवटी ‘मी लोकांची सेवा करतो’ असं टाका. मी म्हटलं, चाचा, हे तुम्ही बोललेला नाहीत. हवं तर आता बोला, मी मुद्रण करतो आणि आजच्या तारखेनं लिहितो. फोन पुन्हा फडक्यावर ठेवला. चाचा घसा खाकरून बसले, क्षणभर थांबले आणि हसायला लागले. “सेवा कसली ओ, पैसे घेतो की.” हे चालेल का, मी विचारलं. म्हणाले, चालेल.

स्मरणिकेत आलेल्या मजकुराचा शेवटचा भाग वाचतो. चिन्हांच्या जागी मी थोडा थांबेन.

‘दुकानात आता भाड्याची सायकल नाही. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात ११ आकडा घातलेली एक काळी सायकल तेवढी भिंतीला टांगलेली आहे. १९७५च्या सुमारास असल्या अठरा होत्या. “चार आणे तासाला,” म्हणजे पंचवीस पैसे, असा दर होता. नाव, सायकलचा नंबर आणि नेल्याची वेळ वहीत लिहिली जाई. मोठ्या सायकली १९९४मध्ये विकल्या. वाईट वाटलं का, असं विचारल्यावर ते म्हणतात, “वाटलं की. पण जागा मोकळी झाली.”

‘त्या मोकळ्या जागेत आज दुरुस्तीचं काम चालतं. चाकाचा आऊट काढताना ते तारा नखानं छेडत जातात. “ताणलेली तार वाजते ओ, ढिली वाजत नाय. कानाला कळतंय.” ढिली सापडली की चावी लावतात. “एवढंच फिरवायचं,” म्हणत पाव फेरी देतात आणि चाक पुन्हा फिरवून बघतात.

‘दुकान बंद होणार, अशी आवई मध्यंतरी उठली होती. त्याविषयी त्यांचं म्हणणं असं : “भाड्याचा धंदा संपला की ओ… दुरुस्ती चालू हाय. दुरुस्ती कशी संपंल? लोखंड हाय, झिजणारच.” ही लोकांची सेवाच नाही का? “सेवा कसली ओ, पैसे घेतो की.” ’

त्या शेवटच्या प्रश्नाविषयी एक सांगतो. वाचून दाखवताना झालेलं बोलणं नंतरच्या दिवसाचं आहे, म्हणून स्मरणिकेत या परिच्छेदाखाली दोन्ही भेटींच्या तारखा छापल्या आहेत. संपादकांना ते जरा जास्तच वाटलं, पण त्यांनी ठेवलं.

मूळ मुद्रण मी जपून ठेवलं आहे, फाइलला तारखेचं नाव देऊन. उद्या कुणी विचारलं, की चाचा खरंच असं म्हणाले का, तर मिनिटाचा आकडा सांगता यावा. एक प्रत चाचांच्या नातवाच्या फोनवर घालून दिली. पोरगं हुशार आहे. म्हणालं, यात दादा दोनदा शिंकतात आणि एकदा मला शिवी देतात, तेवढं कापून टाकू का? चाचांनी पंपावरून मान वर न करताच सांगितलं, “रैने दे.”